मोबाइलवरचा उतारा

बदनापूरच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी उताऱ्यांचा तास घेते. दाभाडी, रोषणगाव, सोमठाणा, बावणे पांगरी अशा आजूबाजूच्या गावांतून मुलं-मुली येतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतं, कुणी तलाठ्याची, कुणी राज्यसेवेची. त्यांच्याकडे पुस्तकं मोजकी आणि पीडीएफ ढीगभर. चालू घडामोडी, इतिहासाच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका असं सगळं टेलिग्रामवरून उतरवून घेतलेलं. फुकट मिळणारं कपाटभर साहित्य खिशात मावतं, ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात लहान गोष्ट नाही. त्यामुळे ‘मोबाइल ठेवा आणि पुस्तक घ्या’ असा उपदेश मी करत नाही. ज्याला पुस्तक घेणं परवडत नाही, त्याला तो उपदेश देऊन काय उपयोग?

पण उतारे शिकवता शिकवता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. तेच मूल, तेवढाच अवघड उतारा, कागदावर दिला तर उत्तरं नीट येतात आणि मोबाइलवर दिला तर घसरतात. घसरण फार मोठी नसते, सगळ्यांची सारखीही नसते. मात्र कोणती उत्तरं घसरतात, यात एक ठरलेला आकार दिसतो. तो आकार ओळखला की त्यावर उपाय करता येतो. तो आकार आणि ते उपाय मी इथे मांडते आहे.

आमच्या गावाचं नाव तुरीमुळे दूरवर गेलं आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र बदनापूरला आहे आणि तुरीचे अनेक वाण इथे तयार झाले. नावात ‘बीडीएन’ दिसलं की ते बदनापूर समजावं. मुलांच्या घरी तूर असते, शब्द ओळखीचे असतात, म्हणून तूर लागवडीची माहिती मी उताऱ्यासाठी मुद्दाम वापरते. तिच्यात उतारा म्हणून लागणारं सगळं आहे: आकडे, नावं, अटी आणि क्रम.

असा एक उतारा मी स्वतः बांधला. त्यात सांगितलं होतं की बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण साधारण १५० ते १६० दिवसांत तयार होतो. त्यामुळे मध्यम जमिनीत, जिथे ओल लवकर उडते आणि शेवटचं पाणी द्यायची सोय नाही, तिथे तो पदरात पडतो. बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा वाण १७० ते १८० दिवस घेतो, म्हणून तो भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत किंवा संरक्षित पाण्याची सोय असेल तिथे घ्यावा. पुढच्या परिच्छेदात बीजप्रक्रिया होती. आधी बुरशीनाशक लावायचं, ते बियाण्यावर सुकू द्यायचं, मग पेरणीच्या तोंडावर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत लावायचं आणि बियाणं सावलीत वाळवायचं. कारणही दिलं होतं: रायझोबियम हे जिवंत जिवाणू आहेत, रासायनिक औषधात एकत्र कालवले किंवा उन्हात ठेवले तर मरतात. शेवटी सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, ही आंतरपिकाची पद्धत.

वर्गातल्या अर्ध्या मुलांना हा उतारा छापून दिला, अर्ध्यांना पीडीएफ करून मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लांबीचा दुसरा उतारा घेऊन गटांची अदलाबदल केली, म्हणजे हुशार मुलं एकाच बाजूला गेली असं व्हायला नको. वेळेचं बंधन घातलं नाही. वाचून झालं की हात वर करायचा, प्रश्न बघण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात ‘माझे दहापैकी इतके बरोबर येतील’ असा आकडा लिहायचा आणि मगच प्रश्नपत्रिका घ्यायची. उत्तरं लिहिताना उतारा पुन्हा बघायचा नाही.

मोबाइलवाल्यांचे हात आधी वर आले. एका मुलाजवळ मी उभीच होते. अंगठा वर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. पान अक्षरांनिशी वाहून जातं आणि नजर वाहत्या पानाच्या मधल्या भागावर टिकलेली. बीजप्रक्रियेचा परिच्छेद एका फटक्यात अर्धा वर निघून गेला. त्याने तो खाली ओढला नाही. ‘झालं का रे?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘झालं ना मॅडम, सोपा आहे. आमच्याकडं सात-अकराच पेरतेत.’ कोपऱ्यात त्याने नऊ लिहिले होते.

‘बीडीएन-७११ च्या दाण्याचा रंग कोणता’ हे सगळ्यांना आलं, दोन्ही गटांना. ‘उतारा कशाबद्दल आहे’ हेही आलं. गडबड झाली ती पुढे. प्रश्न असा होता: एका शेतकऱ्याची जमीन मध्यम आहे, विहिरीला दिवाळीनंतर पाणी राहत नाही, त्याने कोणता वाण घ्यावा आणि का? मोबाइलवर वाचलेल्या बऱ्याच मुलांनी वाणाचं नाव बरोबर लिहिलं, पण कारण म्हणून ‘तो पांढरा आहे’, ‘तो बदनापूरचा आहे’, ‘त्याचं उत्पन्न जास्त आहे’ असं काहीही लिहिलं. दिवस आणि ओल यांचा सांधा त्यांच्या डोक्यात जुळलेलाच नव्हता. बीजप्रक्रियेच्या प्रश्नात बुरशीनाशक आणि रायझोबियम ही दोन्ही नावं आली, पण क्रम उलटा झाला किंवा दोन्ही एकत्र लावा असं लिहिलं गेलं. ज्या मुलाने नऊ लिहिले होते त्याची चुकलेली उत्तरं सगळी अशीच होती. नावं होती, नात्यांचा पत्ता नव्हता.

हाच तो आकार. गोष्टीचा गाभा पडद्यावरही कळतो, सुटी नावं आणि आकडे बऱ्यापैकी राहतात. गळतात त्या अटी, क्रम आणि ‘म्हणून’ने जोडलेली वाक्यं. शेतात नेमक्या त्याच लागतात. रायझोबियम औषधात कालवलं तर बियाणं उगवतं, पण मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. चूक कळते तेव्हा हंगाम पुढे गेलेला असतो.

एका वर्गात दिसलेलं म्हणजे पुरावा नव्हे. पण जगभर या विषयावर भरपूर काम झालं आहे आणि त्यातून निघणारं चित्र माझ्या वर्गाशी जुळतं. पाब्लो डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून त्यांचा हिशेब २०१८ साली मांडला. सगळे मिळून एक लाख सत्तर हजारांवर वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन सरस निघालं. फरक लहान होता: कागदावरचा एक आणि पडद्यावरचा एक वाचक अशा शंभर जोड्या घेतल्या, तर साधारण ५६ जोड्यांत कागदावरचा पुढे असेल. पण तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या होत्या. फरक माहितीपर मजकुरात दिसला, निव्वळ कथांमध्ये दिसला नाही. वेळेची घाई असली की तो वाढला. आणि मुलं पडद्याला सरावत जातील तसा तो कमी होईल ही अपेक्षा खोटी ठरली. त्या वर्षांत तो उलट वाढत गेला.

ही तिसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पालक आणि शिक्षक दोघेही म्हणतात, ‘आताची पोरं मोबाइलवरच वाढलीत, त्यांना सवय आहे.’ सवय आहे हे खरं, पण ती कसली आहे ते बघायला हवं. मोबाइलवर दिवसभर जे वाचलं जातं ते असतं निरोप, मथळे, दोन ओळींचे किस्से. ते भरभर वाचायचे असतात आणि तसं वाचून कुणाचं बिघडत नाही. तोच अंगठा, तोच वेग, तीच नजर बीजप्रक्रियेच्या परिच्छेदावरूनही फिरते. वाचणाऱ्याला वाटतं आपण अभ्यास करतोय. डोळे मात्र निरोप वाचल्यासारखे वाचत असतात.

मी मुलांना कोपऱ्यात आकडा लिहायला लावते, त्याचं कारण इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या टेक्निऑन संस्थेच्या राकेफेत अॅकरमन यांच्या कामात आहे. त्यांनी आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी २०११ साली विद्यार्थ्यांना कागदावर आणि संगणकावर उतारे वाचायला दिले. किती वेळ वाचायचं हे संशोधकांनीच ठरवून दिलं तेव्हा दोन्ही गट सारखे आले. वेळ विद्यार्थ्यांनी आपापला ठरवायचा म्हटल्यावर पडद्यावरचे मागे पडले. त्यांना आपल्याला किती समजलं याचा अंदाज जास्त चढा होता, म्हणून ते आधी थांबले. डोळे अधू झाले होते किंवा बुद्धी मंद झाली होती असं काही नव्हतं. ‘पुरे झालं’ हा निर्णय चुकत होता.

हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातले आधी वर येणारे हात मला नीट समजले. कागदावर वाचणारी मुलं जरा अडखळतात, एखाद्या वाक्याशी थांबतात, बोटाने मागे जातात आणि कोपऱ्यात सहा-सात लिहितात. मोबाइलवर वाचणारी आठ-नऊ लिहितात. परीक्षेच्या तयारीत कमी गुण पडण्यापेक्षा हा चुकीचा अंदाज मला जास्त घातक वाटतो. ज्याला वाटतं आपल्याला येतं, तो त्या धड्याकडे परत फिरकत नाही.

दुसरं कारण जागेचं आहे. छापील पानावर प्रत्येक वाक्याला एक ठिकाण असतं. ‘रायझोबियमचं डाव्या पानावर, खालच्या बाजूला, तक्त्याच्या वर’ असं मुलं सांगतात आणि बोट बरोबर तिथे जातं. माणूस मजकुराबरोबर त्याची जागाही नकळत ध्यानात ठेवतो, हे अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी १९७१ सालीच दाखवलं होतं. मोबाइलवर वरून खाली सरकणाऱ्या मजकुरात तेच वाक्य कधी वर असतं, कधी मध्ये, कधी निम्मं कापलेलं. त्याला धरायला खुंटी नसते. आधी काय आणि नंतर काय, हे आठवताना ही खुंटी उपयोगी पडते. क्रमाचे प्रश्न पडद्यावर का घसरतात याचं एक उत्तर बहुधा इथे आहे.

अनेकांना वाटतं की सगळा दोष पडद्याच्या उजेडाचा. डोळ्यांना त्रास होतो हे खरं आहे, पण समज कमी होण्याचं मुख्य कारण ते दिसत नाही. नॉर्वेच्या आन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१९ साली पन्नास वाचकांना एक लांबलचक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील पुस्तकात आणि निम्म्यांना किंडलवर. किंडलचा पडदा कागदासारखा, मागून उजेड न फेकणारा होता. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट सारखे आले. पण कथेतल्या घटना कुठल्या क्रमाने घडल्या हे लावायला सांगितलं, तेव्हा छापील पुस्तकवाले पुढे होते. हातात उजव्या बाजूची पानं कमी होत जातात, डाव्या बाजूची वाढत जातात, त्यातून आपण कुठवर आलो हे हाताला कळत असतं. किंडलमध्ये ते कळत नाही.

आमच्याकडे याच्या जोडीला तिसरं कारण येतं आणि त्याबद्दल परदेशी अभ्यासांत फारसं सापडत नाही. मुलांकडच्या पीडीएफ मोठ्या कागदाच्या आकारात बनवलेल्या असतात आणि वाचायच्या असतात वितभर मोबाइलवर. अख्खं पान बसवलं तर काना-मात्रा दिसत नाहीत, अनुस्वार तर नाहीच नाही. अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला उजवीकडे सरकवा, परत डावीकडे आणा, पुढची ओळ शोधा. या ओढाताणीत वाक्याचा पहिला भाग डोक्यातून निसटतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘घ्यावा’ की ‘घेऊ नये’ हे कळायला ओळीच्या टोकापर्यंत जावंच लागतं आणि तेच टोक पडद्याबाहेर असतं. तक्त्यांची अवस्था याहून वाईट. खाली सरकलं की वरचं शीर्षक दिसेनासं होतं आणि ‘१७०-१८०’ हे दिवस आहेत की आणखी काही, ते आठवणीवर सोडावं लागतं.

शिवाय यातल्या कितीतरी पीडीएफ झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून स्कॅन केलेल्या असतात, म्हणजे त्या मजकुराचे फोटोच असतात. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. अशा फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने मांडून घ्यायची सोयही नीट चालत नाही. फाइल यातली कुठली, हे ओळखायला सोपी खूण आहे. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडलाच गेला नाही तर तो फोटो आहे. निवडला गेला, पण दुसरीकडे चिकटवल्यावर भलतीच चिन्हं उमटली तर फाँट बहुधा जुना आहे. शब्द नीट मराठीत उमटला तर ती फाइल मोबाइलवर वाचण्याच्या लायकीची आहे.

आता उपाय. तासाला आम्ही जे करतो ते क्रमाने सांगते.

पहिलं काम पान स्थिर करायचं. पीडीएफ वाचायच्या अॅपमध्ये मजकूर सलग सरकत जाण्याऐवजी एकेक पान उलटत जायची सोय असते, ती लावून घ्यायची. मोबाइल आडवा धरायचा, म्हणजे ओळ पूर्ण रुंदीत बसते आणि निदान डावी-उजवी ओढाताण थांबते. आडव्या मोबाइलवर पान एका वेळी अर्धंच दिसतं, म्हणून परिच्छेद संपेपर्यंत अंगठा उचलून ठेवायचा आणि संपल्यावर एकदाच सरकवायचा. वाहत्या मजकुरावर नजर ठेवून वाचायचं नाही, हा नियम. निरोपांचे आवाज बंद करायला इंटरनेट बंद करून ठेवायचं. फाइल उतरवलेलीच असते, वाचायला इंटरनेट लागत नाही.

दुसरं काम थांबायचं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक याने पडतो. एक भाग वाचून झाला की मोबाइल पालथा ठेवायचा. लगेच लिहायचं नाही. पाणी प्यायचं, वहीत तारीख घालायची, दोन-चार मिनिटं जाऊ द्यायची. मग उतारा न बघता महत्त्वाचे चार-पाच शब्द लिहायचे. अॅकरमन आणि त्यांच्या सहकारी लाउटरमन यांनी २०१४ साली हेच तपासलं होतं. वाचल्यावर मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन कळीचे शब्द लिहायला लावले, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांची पिछाडी नाहीशी झाली. वाचणं आणि परीक्षा यांची आवर्तनं करून सराव दिला तेव्हाही तसंच झालं.

मधला वेळ का महत्त्वाचा, हे वर्गात स्पष्ट दिसतं. वाचल्या वाचल्या शब्द लिहायला लावले तर मुलं शेवटच्या दोन ओळींतलेच शब्द लिहितात. ते अजून डोळ्यांसमोर असतात. थोड्या वेळाने लिहायला बसलं की जे खरोखर बसलं आहे तेवढंच उरतं आणि काय बसलं नाही ते स्वतःलाच कळतं. तुरीच्या उताऱ्यावर एका मुलीने लिहिलं होतं: ‘७११, ७३६, बुरशीनाशक, रायझोबियम, सोयाबीन’. सगळे शब्द बरोबर. मी तिला म्हटलं, ‘आता यांच्यात बाण काढ.’ ७११ कडून बाण कुठे जातो? ती बराच वेळ पेन धरून बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, नावं राहिली, पण कशासाठी कोणतं ते नाही राहिलं.’ तिने मोबाइल सुलटा केला आणि थेट त्या परिच्छेदावर गेली. या वेळी अंगठा हलत नव्हता, ओठ हलत होते. परत आल्यावर तिने दोन ओळींची मांडणी केली: मध्यम जमीन, ओल कमी, दिवस कमी, ७११; भारी जमीन, ओल टिकते, दिवस जास्त, ७३६. खाली बुरशीनाशक, बाण, सुकवणे, बाण, रायझोबियम, बाण, सावली. आणि बाजूला ‘जिवंत’ हा एकच शब्द.

त्या एका शब्दात क्रमाचं सगळं कारण आलं होतं. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला तेव्हा तिने न अडखळता उत्तर दिलं. म्हणून आमच्या वर्गात आता नुसते कळीचे शब्द पुरत नाहीत, त्यांच्यामधले बाण लागतात. पडद्यावर गळतात ती नाती आणि बाण काढताना तीच भरून निघतात.

तिसरं काम कोपऱ्यातल्या आकड्याचं. उत्तरं तपासली की अंदाज आणि खरे गुण शेजारी शेजारी लिहायचे. आठवडाभर हा हिशेब ठेवला की मुलाला आपला कल कळतो. कुणी नेहमी दोनने जास्त धरतो, कुणी बरोबर धरतो, क्वचित एखादी मुलगी सतत कमी धरते. ज्याला कळलं की मोबाइलवर आपला अंदाज दोनने चढतो, तो ‘झालं’ वाटल्यावर आणखी एकदा वाचतो. त्याला मी काही सांगावं लागत नाही.

हे सगळं प्रत्येक पानाला करायचं म्हटलं तर अभ्यास पुढे सरकणार नाही. मुलं थकतात आणि थकली की कंटाळून सोडून देतात. म्हणून काय छापून घ्यायचं आणि काय मोबाइलवर वाचायचं, याची वाटणी आम्ही करतो. बातम्या, सरावाचे सुटे प्रश्न, चरित्रं, कथा मोबाइलवर खुशाल वाचाव्यात. त्यात फारसं जात नाही. ज्यात अटी आहेत, पायऱ्या आहेत, तक्ते आहेत, ते झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्यावं. राज्यघटनेतल्या पंचायत राजच्या तरतुदी, जमीन महसुलाचे नियम, भूगोलाचे तक्ते, गणिताची रीत, हे सगळं त्यात येतं. तीनशे पानांच्या फाइलमधली अशी पानं निवडली तर थोडकीच निघतात आणि दोघा-तिघांत मिळून तेवढा खर्च झेपतो.

आणि मोबाइल सगळ्यांनाच तोट्याचा असतो असंही नाही. ज्याची नजर अधू आहे त्याला अक्षर मोठं करता येणं हा मोठा आधार आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ लगेच पाहता येतो. अशा मुलांना मी कागदाचा आग्रह धरत नाही, फक्त बाण काढायला लावते.

परीक्षेचा प्रश्न राहतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा आणि लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षा कागदावर होतात, उत्तरपत्रिकेतली वर्तुळं काळी करायची असतात. २०२३ ची तलाठी भरती मात्र संगणकावर झाली, शंभर प्रश्न आणि दोन तास. म्हणजे ज्या मुलाने वर्षभर कागदावर वाचलं, त्याला ऐन परीक्षेत पडद्यावर, तेही घाईत वाचावं लागलं. आणि घाईतच फरक वाढतो हे वर आलंच आहे. तिथे कागद सोडून पडद्याचा आग्रह धरावा असं मी म्हणत नाही. शिकावं कागदावर, आणि परीक्षा संगणकावर असेल तर शेवटचे काही आठवडे सराव संगणकावर करावा. मोबाइलवर केलेला सराव इथे पुरत नाही, कारण अंगठा आणि माऊस यांचा वेग वेगळा असतो. संगणकावर उतारा एका चौकटीत आणि प्रश्न शेजारच्या चौकटीत असतो, तेव्हा उतारा निम्माच दिसत असतो आणि उरलेला खाली सरकवावा लागतो. मुलं दिसतो तेवढा भाग वाचून प्रश्नावर जातात. म्हणून पहिली सवय लावते ती उताऱ्याच्या चौकटीची पट्टी तळापर्यंत ओढून उतारा किती मोठा आहे ते बघण्याची. दुसरी, कच्च्या कामाच्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाला एक शब्द लिहिण्याची. प्रश्नात ‘परंतु’, ‘जर’, ‘वगळता’ आलं की कागदावरचा शब्द बघून त्या परिच्छेदाकडे परत जायचं. पडद्यावर हरवलेली जागा अशा रीतीने कागदाच्या कोपऱ्यावर परत मिळते.

मुलांनी काय करायचं ते झालं. पण अर्धं काम मजकूर बनवणाऱ्यांच्या हातात आहे आणि त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शेतकऱ्याला पाठवायची घडीपत्रिका असो, शाळेची सूचना असो की नोट्स असोत, आज ती मोबाइलवरच वाचली जाणार हे धरून बनवा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे ओळी पडद्याप्रमाणे मांडता येतील आणि शब्द शोधता येईल. पान मोबाइलच्या आकाराचं ठेवा. एका पानावर एकच पायरी घ्या आणि तिला क्रमांक द्या. अट आधी लिहा, सल्ला नंतर: ‘जमीन मध्यम असेल आणि पाणी नसेल, तर...’ असं वाक्य सुरू झालं की घाईत वाचणाराही आपलं शेत कुठल्या बाजूला पडतं ते आधी ठरवतो. आडव्या तक्त्याऐवजी प्रत्येक वाणाचं वेगळं पान करा. आणि जिथे क्रम चुकला तर नुकसान होणार आहे, ते पान छापून कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावा. बियाण्याची पिशवी फोडताना शेतकऱ्याचे हात औषधाने भरलेले असतात. त्या वेळी त्याला मोबाइल हातात धरता येत नाही. भिंतीवरचा कागद मान वळवली की वाचता येतो.